बेरीज ८२ की ७५? फॉलो-अप सीटीवर मोजलेल्या पाच गाठींचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

अठ्ठावन्न वर्षांच्या एका बाईंचं हे प्रकरण आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. त्यांच्या मोठ्या आतड्याच्या सिग्मॉइड भागात कॅन्सर होता. आतडं अडल्यामुळे आधी ऑपरेशन करून मूळ गाठ काढावी लागली. त्यानंतरच्या सीटीत लिव्हरमध्ये तीन गाठी, दोन्ही फुप्फुसांत लहान-मोठ्या गाठी आणि महाधमनीशेजारी वाढलेल्या लिम्फ नोड दिसल्या. एवढा पसारा ऑपरेशनने निघण्यासारखा नाही, असं ट्यूमर बोर्डाने ठरवलं. जखम भरल्यावर दर चौदा दिवसांनी फॉलफॉक्स ही केमो आणि बेव्हॅसिझुमॅब सुरू झालं. दर आठ आठवड्यांनी, म्हणजे चार सायकल झाल्या की, कॉन्ट्रास्ट सीटी करायचं ठरलं.

प्रतिसाद रेसिस्ट १.१ या निकषांनी मोजायचा होता. हे निकष २००० मध्ये पहिल्यांदा आले आणि २००९ मध्ये सुधारले गेले. काही ठरावीक गाठी निवडून प्रत्येकीचा एकच व्यास मोजायचा आणि त्या व्यासांची बेरीज वेळोवेळी पाहायची, एवढाच त्यांचा गाभा आहे. बेसलाइनच्या, म्हणजे उपचारांआधीच्या स्कॅनच्या, बेरजेपेक्षा ३० टक्के किंवा जास्त घट झाली तर अंशतः प्रतिसाद, म्हणजे पीआर. आतापर्यंतच्या सर्वांत कमी बेरजेपेक्षा २० टक्के किंवा जास्त वाढ झाली आणि ती वाढ प्रत्यक्षात किमान ५ मि.मी. असली तर आजार वाढला, म्हणजे पीडी. या दोन्हींत न बसणारं ते स्थिर, म्हणजे एसडी. नवी गाठ निःसंशय दिसली तर बेरीज कितीही असो, पीडीच.

घट बेसलाइनशी ताडून पाहायची आणि वाढ नीचांकाशी. ही दोन वेगळी मोजमापं आहेत, आणि या प्रकरणातला सगळा गुंता त्यातूनच झाला.

बेसलाइनला केलेली निवड

पहिला सीटी उपचार सुरू होण्याच्या नऊ दिवस आधीचा होता. निकषांत चार आठवड्यांची मुदत आहे, तेव्हा तो चालण्यासारखा होता. जास्तीत जास्त पाच टार्गेट गाठी घेता येतात आणि एका अवयवातल्या दोनच. दोन्ही फुप्फुसं मिळून एक अवयव धरतात. लिव्हरमध्ये तीन गाठी होत्या, त्यांतल्या मोठ्या दोन घेतल्या: सेगमेंट ७ मधली ४६ मि.मी. आणि सेगमेंट ४ मधली २८ मि.मी. फुप्फुसातल्या दोन घेतल्या, उजव्या खालच्या लोबमधली १८ आणि डाव्या वरच्या लोबमधली १४. पाचवी होती महाधमनीच्या डावीकडची लिम्फ नोड.

नोडच्या बाबतीत एक चूक वारंवार होते. ही नोड लांबीला २६ मि.मी. होती आणि आडवी १७. बाकी सगळ्या गाठींचा लांब व्यास बेरजेत जातो, पण नोडचा आडवा, म्हणजे लहान व्यास घ्यायचा असतो. आडवा व्यास १५ मि.मी. किंवा जास्त असेल तरच नोड टार्गेट होते, १० ते १५ च्या आतली नॉन-टार्गेट राहते, आणि १० पेक्षा कमी असली तर ती नॉर्मल. एखाद्याने बेसलाइनला २६ लिहिलं आणि पुढच्या वेळी दुसऱ्याने नियमाप्रमाणे आडवा व्यास लिहिला, तर गाठ जराही न बदलता बेरीज घसरलेली दिसते. इथे १७ लिहिलं गेलं.

लिव्हरमधली तिसरी, सेगमेंट २ मधली १२ मि.मी. ची गाठ, १२ मि.मी. ची दुसरी नोड आणि फुप्फुसातले १० मि.मी. पेक्षा लहान ठिपके नॉन-टार्गेट म्हणून नोंदवले. त्यांचे व्यास बेरजेत जात नाहीत. दर वेळी ते आहेत, नाहीसे झाले की निःसंशय वाढले, एवढंच लिहायचं असतं.

पहिले चार सीटी एकाच मशिनवर झाले. लिव्हर पोर्टल फेजमध्ये, म्हणजे कॉन्ट्रास्ट सोडल्यावर साधारण ७० सेकंदांनी टिपली होती आणि स्लाइस २.५ मि.मी. ची होती. मोजमापं अशी:

| गाठ (मि.मी.) | बेसलाइन | ८ वा आठवडा | १६ वा | २४ वा |
|---|---|---|---|---|
| लिव्हर, सेगमेंट ७ | ४६ | ३८ | ३० | २७ |
| लिव्हर, सेगमेंट ४ | २८ | २२ | १७ | १५ |
| उजवं फुप्फुस | १८ | १४ | ११ | १० |
| डावं फुप्फुस | १४ | ११ | ९ | ८ |
| नोड, आडवा व्यास | १७ | १२ | ९ | ८ |
| बेरीज | १२३ | ९७ | ७६ | ६८ |

आठव्या आठवड्याला घट २१ टक्के होती, म्हणून एसडी. सोळाव्याला ३८ टक्के, म्हणून पीआर. चोविसाव्याला ४५ टक्क्यांच्या आसपास, पीआर कायम. सोळाव्या आठवड्यापासून नोड १० मि.मी. च्या खाली, म्हणजे नॉर्मल आकाराची झाली होती, तरी तिचं माप लिहिणं थांबवलं नाही. टार्गेट म्हणून निवडलेली नोड शेवटपर्यंत मोजायची असते. डाव्या फुप्फुसातली ८ मि.मी. ची गाठही तशीच. नव्याने निवडताना ती लहान म्हणून बाद झाली असती, पण एकदा यादीत आली की जी भरेल ती मोजायची. दिसते आहे पण मोजता येत नाही इतकी लहान झाली तर ५ मि.मी. लिहायचं.

चोविसाव्या आठवड्याच्या सुमारास हातापायांना मुंग्या वाढल्या, म्हणून फॉलफॉक्समधलं ऑक्सॅलिप्लॅटिन थांबवून कॅपेसिटाबिन आणि बेव्हॅसिझुमॅब एवढंच चालू ठेवलं. तेव्हाची बेरीज ६८ होती. पुढची प्रत्येक वाढ या आकड्याशी ताडून पाहायची होती.

अडचण

बत्तिसाव्या आठवड्याचा सीटी जिल्ह्याच्या ठिकाणी झाला. उपचाराचं रुग्णालय घरापासून लांब होतं आणि त्या आठवड्यात सोबत यायला कोणी नव्हतं. तिथल्या रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, ‘आधीच्या स्कॅनच्या तुलनेत सर्व गाठींमध्ये लक्षणीय घट.’ बाईंच्या फाइलमध्ये आधीचा रिपोर्ट म्हणून फक्त बेसलाइनचा होता, तुलना त्याच्याशीच झाली होती. त्या तुलनेपुरतं वाक्य खरंच होतं.

रुग्णालयात सीडीवरून मोजमाप झालं तेव्हा आकडे आले ३४, १९, १२, ८ आणि ९. बेरीज ८२. बेसलाइनच्या १२३ पेक्षा हे ३३ टक्क्यांनी कमी, म्हणजे पीआरच्या रेषेच्या आत. पण ६८ या नीचांकापेक्षा १४ मि.मी. जास्त, म्हणजे २०.६ टक्के. दोन्ही अटी एकाच वेळी पुऱ्या झाल्या तर पीडी वरचढ ठरतो. शिवाय लिव्हरच्या सेगमेंट ६ मध्ये ७ मि.मी. चा एक चमकदार ठिपका दिसला, जो आधीच्या कुठल्याही स्कॅनमध्ये नव्हता. ती नवी गाठ असेल तर बेरजेचा वादच उरत नव्हता.

घरच्यांच्या हातात ‘लक्षणीय घट’ असं लिहिलेला कागद होता आणि डॉक्टरांच्या पडद्यावर पीडी. सीईए हा रक्तातला मार्कर ९ वरून १४ वर गेला होता. त्याने शंका वाढते, पण रेसिस्टमध्ये नुसत्या मार्करवरून पीडी ठरवत नाहीत.

८२ हा आकडा थोडा थांबून पाहायला हवा. ६८ च्या २० टक्के वाढीची रेषा ८१.६ वर येते. म्हणजे ८२ असेल तर पीडी आणि ८१ असेल तर १९.१ टक्के, पीडी नाही. पाच गाठींच्या मिळून बेरजेतला एक मिलिमीटर निकाल फिरवत होता. तीच गाठ, तोच स्कॅन, पण मोजणारे दोन असले तर एका गाठीतच दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडणं रोजचं आहे. रेषेला टेकलेला आकडा आला की तो कसा मोजला गेला हे उघडून पाहिल्याशिवाय त्यावर उपचार बदलू नयेत.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय आकडा जसा आहे तसा मान्य करण्याचा: पीडी नोंदवायचा, सध्याचे उपचार बंद करून इरिनोटेकॅनवर आधारलेली दुसरी फळी सुरू करायची. हा सगळ्यांत झटपट मार्ग होता आणि वरवर नियमाला धरूनही होता. तोटा असा की पहिल्या फळीतली सोसवत असलेली औषधं एका संशयास्पद मोजमापावर कायमची मागे पडली असती. हातात मोजकीच औषधं असताना ते परवडत नाही.

दुसरा पर्याय बेसलाइनशी तुलना करून ‘अजून ३३ टक्के कमी आहे’ म्हणण्याचा. घरच्यांना तो आवडला असता. पण ज्या गाठी आधी वितळल्या आणि मग पुन्हा वाढायला लागल्या, त्यांची वाढ बेसलाइनशी तुलना केल्यावर फार उशिरा दिसते. ६८ वरून १२३ च्या वर जाईपर्यंत थांबणं म्हणजे आजार जवळपास दुप्पट होऊ देणं. हा पर्याय लगेच बाद झाला.

तिसरा होता आठ आठवडे वाट पाहण्याचा. अगदी लहान, संशयास्पद नवी गाठ दिसली तर पुढच्या ठरलेल्या स्कॅनपर्यंत उपचार चालू ठेवायला रेसिस्ट १.१ मध्ये मुभा आहे. पुढे ती गाठ खरी निघाली तर पीडीची तारीख मागे, संशय आला त्या दिवसावर नेतात. सेगमेंट ६ च्या ठिपक्यासाठी हे लागू होण्यासारखं होतं. टार्गेट गाठींच्या बेरजेसाठी मात्र नाही, कारण तिथे शंका गाठीबद्दल नव्हती, मोजमापाबद्दल होती. ती शंका हातातल्या स्कॅनवरच फिटते का, हे आधी पाहायला हवं.

चौथा होता लिव्हरच्या दोन गाठी ‘मोजता आल्या नाहीत’ असं लिहून पूर्ण भेटच अनिर्णित ठेवण्याचा. प्रामाणिक पर्याय आहे हा, आणि काही वेळा योग्यही असतो. पण या दोन गाठी मिळून बेरजेचा निम्म्याहून जास्त भाग होत्या. त्या वगळून काहीच बोलता आलं नसतं. म्हणून हा शेवटचा मार्ग म्हणून बाजूला ठेवला.

पाचवा पर्याय सीडी पुन्हा तपासून, मूळ सेंटरकडून हवं ते मागवून, दुसऱ्या वाचकाकडून मोजून घेण्याचा. यात फक्त दोन-तीन दिवस जाणार होते. पुढची सायकल चार दिवसांवर होती, त्यामुळे औषधाला उशीर होत नव्हता. हाच निवडला.

काय केलं

आधी फेज तपासली. सीडीवरच्या सीरिजचं नाव नुसतं `ABD C+` होतं, त्यावरून कॉन्ट्रास्ट दिला एवढंच कळतं, कोणत्या वेळी टिपलं ते कळत नाही. पण चित्र स्वतःच सांगतं. महाधमनी पांढरीफेक होती, प्लीहेवर पट्ट्यापट्ट्यांचा चितकबरेपणा होता आणि लिव्हरच्या शिरा अजून भरलेल्या नव्हत्या. ही आर्टिरिअल फेज, म्हणजे कॉन्ट्रास्ट अजून मुख्यतः धमन्यांतच असतानाची. पोर्टल फेजमध्ये प्लीहा एकसारखी दिसते आणि लिव्हरच्या शिरा व पोर्टल व्हेन भरलेल्या असतात. आधीचे चारही स्कॅन तसे होते.

आतड्याच्या कॅन्सरच्या लिव्हरमधल्या गाठी सहसा भोवतालच्या लिव्हरपेक्षा काळपट दिसतात. आर्टिरिअल फेजमध्ये त्यांच्याभोवती कधी कधी एक चमकदार कडं येतं आणि लिव्हर स्वतः अजून पुरती उजळलेली नसते, त्यामुळे गाठीची हद्द नेमकी कुठे हे ठरवणं अवघड जातं. पहिल्या मोजमापात रेषेची दोन्ही टोकं त्या कड्याच्या बाहेरच्या काठावर टेकली होती. सेगमेंट ७ मधल्या गाठीत दोन्ही बाजूंनी मिळून चार मिलिमीटर तिथेच वाढले. कडं धरावं की नाही यावर वाद घालता येईल. पण बेसलाइनपासून पोर्टल फेजमधली हद्द मोजली गेली होती, आणि तुलनेला तीच लागते.

मग पोर्टल फेज शोधली. सीडीवर सीरिज क्रमांक १, २, ३ आणि ६ होते. ४ आणि ५ नव्हते. स्कॅन करून झाल्यावर सगळ्या सीरिज सीडीवर उतरवल्या जातातच असं नाही. क्रमांकांत खिंडार दिसलं की समजावं, काहीतरी सेंटरच्या सर्व्हरवर राहिलं आहे. फोन केल्यावर त्याच दिवशी दोन्ही सीरिज मिळाल्या. एक पोर्टल फेज होती, ५ मि.मी. च्या स्लाइसची, आणि दुसरी तीच १.२५ मि.मी. च्या स्लाइसमध्ये. पुन्हा कॉन्ट्रास्ट देण्याची, पुन्हा क्रिएटिनिन पाहण्याची गरजच उरली नाही.

दुसऱ्या रेडिऑलॉजिस्टला पहिलं मोजमाप सांगितलं नाही. ८२ आणि पीडी हे शब्द कानावर पडल्यावर रेषा कळत-नकळत त्या दिशेने झुकते. त्यांच्यासमोर तीन स्कॅन शेजारी-शेजारी लावले: बेसलाइन, चोविसाव्या आठवड्याचा आणि आताचा. तिन्हींची लिव्हर एकाच अरुंद विंडोत, म्हणजे पडद्यावरच्या उजेड-छायेच्या एकाच मांडणीत ठेवली आणि फुप्फुसातल्या गाठी लंग विंडोत. मऊ ऊतींच्या विंडोत फुप्फुसातली गाठ दोन-तीन मिलिमीटरने आक्रसलेली दिसते, त्यामुळे एका भेटीत एक विंडो आणि पुढच्या भेटीत दुसरी असं होऊन चालत नाही.

गाठ ओळखताना शेजारची रक्तवाहिनी खूण म्हणून धरली. नंतर वरखाली सरकत आजच्या स्कॅनमध्ये ती सर्वांत मोठी कुठे दिसते ती आडवी स्लाइस शोधून रेषा ओढली. मागच्या वेळची स्लाइस आणि मागच्या रेषेची दिशा तशीच ठेवायची, असा एक गैरसमज आढळतो. गाठ एका बाजूने आकसते, तिरपी होते, श्वासासोबत वरखाली जाते. सेगमेंट ७ ची गाठ डायफ्रॅमच्या अगदी खाली असल्यामुळे कमी-जास्त श्वासात तिची जागा सेंटिमीटरभर हलते. गाठ तीच हवी, व्यास मात्र आजचा सर्वांत लांब.

दुसऱ्या वाचकाने चोविसाव्या आठवड्याचा स्कॅनही नव्याने मोजला. त्यांच्या हाताने बेरीज ६९ आली, नोंदीत ६८ होती. एक मिलिमीटरचा फरक. त्यामुळे नीचांक भक्कम आहे याची खात्री झाली आणि नोंदीतला ६८ हाच आकडा पुढे ठेवला. दुसऱ्याचं मोजमाप आणि पहिल्याचा नीचांक अशी सरमिसळ करताना ही खातरजमा सहसा कोणी करत नाही. आमच्या मते एवढे दहा मिनिटांचे कष्ट घ्यावेत.

पोर्टल फेजवर बत्तिसाव्या आठवड्याचे आकडे आले ३०, १६, १२, ८, ९. बेरीज ७५. नीचांकापेक्षा ७ मि.मी. जास्त, म्हणजे १०.३ टक्के. बेसलाइनपेक्षा ३९ टक्के कमी. सेगमेंट ६ चा ठिपका पोर्टल फेजमध्ये आजूबाजूच्या लिव्हरशी एकरूप होऊन गेला. तिथे गाठ नव्हती, फक्त त्या भागाला धमनीचं रक्त थोडं आधी मिळत होतं. नॉन-टार्गेट गाठींत फरक नव्हता. निकाल पीआर.

८२ हा आकडा खोडला नाही. नोंदीत तो तसाच ठेवून त्याखाली ‘आर्टिरिअल फेज, तुलनेला अयोग्य; पोर्टल फेजवर पुन्हा मोजलं’ असं कारण, तारीख आणि दोन्ही वाचकांची नावं लिहिली. ८२ आणि ७५ ची सरासरी काढून ७८.५ लिहावं अशी सूचनाही आली होती. ती मानली नाही. चुकीच्या फेजवरचं मोजमाप अर्ध्याने मिसळलं तर ते अर्धंच चुकीचं होत नाही.

त्यानंतर

उपचार तेच चालू ठेवले. ७५ ही पीडी नसली तरी वाढ खरी होती, हे मात्र सगळ्यांनी मान्य केलं. पाचांपैकी चार गाठी एक ते तीन मिलिमीटरने वाढल्या होत्या, आणि सगळ्या एकाच दिशेने. मोजमापातली चूक सहसा कुणाची वर, कुणाची खाली अशी विखुरते. म्हणून पुढचा सीटी ठरल्याप्रमाणे चाळिसाव्या आठवड्यालाच, पण मूळ रुग्णालयातच करायचा, असं पक्कं केलं.

| गाठ (मि.मी.) | २४ वा आठवडा | ३२ वा, आर्टिरिअल | ३२ वा, पोर्टल | ४० वा |
|---|---|---|---|---|
| लिव्हर, सेगमेंट ७ | २७ | ३४ | ३० | ३७ |
| लिव्हर, सेगमेंट ४ | १५ | १९ | १६ | १९ |
| उजवं फुप्फुस | १० | १२ | १२ | १३ |
| डावं फुप्फुस | ८ | ८ | ८ | ८ |
| नोड, आडवा व्यास | ८ | ९ | ९ | १० |
| बेरीज | ६८ | ८२ | ७५ | ८७ |

चाळिसाव्या आठवड्याला बेरीज ८७ आली. सवयीने मागच्या स्कॅनशी ताडून पाहिलं तर ७५ वरून ८७, म्हणजे १६ टक्के वाढ, पीडी नाही. बेसलाइनशी पाहिलं तर अजून २९ टक्के कमी, चक्क एसडी. नीचांकाशी पाहिलं तर ६८ वरून ८७, म्हणजे १९ मि.मी. आणि २७.९ टक्के. पीडी. हळूहळू वाढणाऱ्या आजारात मागच्या स्कॅनशी केलेली तुलना प्रत्येक वेळी थोडक्यात सुटते: दहा टक्के, मग सोळा टक्के, आणि दोन्ही वेळा ‘फारसा बदल नाही’ असा रिपोर्ट. म्हणून नीचांक एकदा सापडला की त्याहून लहान बेरीज येईपर्यंत तो जागचा हलत नाही.

दुसऱ्या वाचकाने स्वतंत्रपणे ८६ मोजलं. ती बेरीज धरली तरी वाढ २६ टक्क्यांच्या वर जाते. रेषेपासून आकडा लांब असला की वाचकांमधला फरक निकालाला धक्का लावत नाही. सीईए ३१ झालं होतं आणि भूक मंदावली होती. पीडी नोंदवला तो चाळिसाव्या आठवड्याच्या तारखेने. बत्तिसाव्यावर मागे नेला नाही, कारण तेव्हाचा ठिपका गाठ नव्हता आणि तेव्हाची बेरीज नियमाप्रमाणे रेषेच्या आत होती.

बाईंना फॉलफिरी, म्हणजे इरिनोटेकॅनवर आधारलेली दुसरी फळी सुरू झाली. नव्या फळीसाठी चाळिसाव्या आठवड्याचा स्कॅनच नवी बेसलाइन धरला आणि टार्गेट गाठी पहिल्यापासून निवडल्या. नोड आता १० मि.मी. होती, १५ ची अट पुरी होत नव्हती. डाव्या फुप्फुसातली ८ मि.मी. ची गाठही बाद. राहिल्या ३७, १९ आणि १३, बेरीज ६९. जुन्या यादीतली पाच नावं जशीच्या तशी पुढे ओढणं ही इथली नेहमीची चूक आहे.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यांत साधी गोष्ट म्हणजे बाहेर स्कॅन होणार हे आधी माहीत होतं, तरी सोबत चिठ्ठी दिली नव्हती. चिठ्ठीत चार ओळी पुरतात: छाती, पोट आणि ओटीपोट, लिव्हर पोर्टल फेजमध्ये, सुमारे ७० सेकंदांनी, स्लाइस २.५ मि.मी. किंवा त्याहून पातळ. सीडीवर सगळ्या सीरिज डायकॉम स्वरूपात. फिल्मवरून पट्टी लावून मोजलेल्या आकड्याला काही अर्थ नसतो, म्हणून सीडीचा आग्रह. ५ मि.मी. च्या स्लाइस नियमात बसतात. पण आठ-नऊ मिलिमीटरची गाठ दोनच स्लाइसमध्ये मावते, तिच्या कडा फिक्या पडतात आणि माप डळमळतं.

दुसरं, फाइलमध्ये फक्त बेसलाइनचा रिपोर्ट होता. वरच्यासारखा एक तक्ता आणि ‘सर्वांत कमी बेरीज ६८, २४ वा आठवडा’ ही एक ओळ रुग्णाच्या हातातल्या कागदावर असती, तर बाहेरच्या रेडिऑलॉजिस्टला कशाशी तुलना करायची हे कळलं असतं आणि ‘लक्षणीय घट’ हे वाक्य लिहिलं गेलं नसतं. त्यांनी चूक केली असं म्हणता येत नाही. त्यांच्यासमोर जे होतं त्याच्याशीच त्यांनी तुलना केली.

तिसरा मुद्दा बेसलाइनच्या निवडीचा, आणि त्यावर मतभेद होऊ शकतो. सेगमेंट ७ ची गाठ सर्वांत मोठी म्हणून घेतली, पण ती डायफ्रॅमखाली हलणारी होती. सेगमेंट ४ ची गाठ फॅल्सिफॉर्म लिगामेंटजवळ होती, आणि तिथे लिव्हरमध्ये चरबी साठल्याचा पट्टा येणं किंवा एखादा भाग चरबीविना राहणं नेहमीचं आहे. केमोनंतर लिव्हर चरबीयुक्त झाली की तिथल्या गाठीची हद्द पुसट होते. मोठ्या गाठीपेक्षा दर वेळी नीट मोजता येईल अशी गाठ निवडा, असं रेसिस्टच सांगतं. पण इथे तिसरी गाठ फक्त १२ मि.मी. ची होती. १२ वरून ९ वर आली तर पंचवीस टक्के घट, आणि त्यातला एक मिलिमीटर हाताचा. तेव्हा मोठ्या दोन घेणंच बरं होतं, फक्त त्या कुठे फसवतात हे बेसलाइनच्या नोंदीत लिहून ठेवायला हवं होतं. रेषा ओढलेल्या स्लाइसचं चित्रही जपून ठेवायला हवं होतं. आकडा लिहिलेला असतो, रेषा कुठे ओढली ते कोणी लिहीत नाही, आणि नंतर वाद होतो तो रेषेवरूनच.

पोर्टल फेज सेंटरकडे सापडली नसती तर? तेव्हा लिव्हरच्या दोन गाठी अनिर्णित ठेवून फक्त लिव्हरचा पोर्टल फेजमधला स्कॅन पुढच्या एक-दोन आठवड्यांत करून घ्यायला हवा होता, किडनीचं काम ठीक असेल तर. तोपर्यंत उपचार चालू ठेवले असते. आर्टिरिअल फेजचा ८२ धरून उपचार बदलायचे नाहीत, आणि तोच आकडा बाजूला सारून आठ आठवडे निवांत राहायचंही नाही.